अंगात त्राण नसताना अभ्यासाला बसायचं कसं

नोकरी सांभाळून राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांना वेळापत्रक कसं आखायचं ते सांगायला नको. ते भिंतीवर लागलेलं असतंच. गाडी अडते ती संध्याकाळी डोकं बधिर होऊन घरी आल्यावर. माझी आजही अडते. अशा दिवशी कामाला येतं ते एकच: रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला अभ्यासाची सुरुवात जोडून ठेवणं. फक्त ती कुठे जोडता, याकडे नीट बघा.

"चहा झाला की बसायचं" हे मीही ठरवलं होतं. पण चहा नक्की होतो कधी? शेवटचा घोट घेतल्यावर, की रिकामा कप हातात धरून फोन चाळून झाल्यावर? त्याला ठाम शेवटच नसतो. तो गप्पांत आणि गप्पा स्वयंपाकात मिसळून जातात. "जेवण झाल्यावर", "फ्रेश झाल्यावर" यांचंही तेच. खूण अशी हवी, की ती घडली की नाही यावर स्वतःशी वाद घालता येऊ नये. माझी खूण आता कप विसळून पालथा घालणं ही आहे. हात पुसले की फोन ओट्याशेजारी चार्जिंगला लावायचा आणि थेट टेबल गाठायचं. तिथे आयोगाची जुनी प्रश्नपत्रिका आदल्या रात्रीच उघडून ठेवलेली असते, पुढच्या प्रश्नावर पेन्सिल. दोन प्रश्न सोडवायचे. "राज्यव्यवस्था वाचायची" असं काम ठेवलंत तर कुठून वाचू हे ठरवण्यातच उरलंसुरलं बळ संपतं.

दोन प्रश्नांनंतर उठावंसं वाटलं तर खुशाल उठा, अपराधी वाटून घेऊ नका. मात्र कप पालथा घातल्यावरही "आज बसू की नको" असा विचार येऊ लागला, तर ओटा आणि टेबल यांच्यामध्ये काहीतरी घुसलंय असं समजा. बहुधा फोन, नाहीतर पलंग. आधी ते हटवा. प्रश्नांची संख्या वाढवून काही होणार नाही.

"21 दिवसांत सवय लागते" म्हणणाऱ्या मार्गदर्शकांपासून लांब राहा. लंडनमध्ये 96 जणांवर झालेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला काळ 66 दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत 18 पासून 254 दिवसांपर्यंत फरक होता. दिलासा हा, की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं.

रविवारी मात्र ही साखळी हमखास तुटते, कारण चहा दोनदा होतो, पाहुणे असतात, कप दुसरंच कुणी विसळतं. त्या दिवसासाठी वेगळी खूण ठरवा. माझी आहे आंघोळीनंतर टॉवेल दोरीवर टाकणं. प्रश्न तेच, दोन.