ऑक्सिजन पाण्यातूनच येतो: प्रकाशसंश्लेषण लक्षात राहील अशी गोष्ट कशी रचावी

समीकरण पाठ असूनही ‘बाहेर पडणारा ऑक्सिजन कुठला?’ असं विचारलं की बरेच जण ‘कार्बन डायऑक्साइडमधला’ म्हणतात. गोष्ट रचायची ती नेमकी या अडणाऱ्या जागेवर. अख्खा धडा तिच्यात कोंबू नका, नाहीतर तिचंच पाठांतर करावं लागेल.

१. पात्रं. समजावणारी व्यक्ती दमलेली असू द्या, म्हणजे उत्तरं आपोआप तोकडी होतात. धाकट्यानं मात्र प्रश्न सोडायचे नाहीत.

२. लिहा. उदाहरणार्थ:

रात्रीचे अकरा वाजलेले. ताईच्या पोटावर बारावीचं पुस्तक, डोळे मिटत आलेले.

“ताई, झाड ऑक्सिजन कशातून काढतं?”

“पाण्यातून. सहा रेणू पाणी, सहा रेणू ऑक्सिजन. झोप आता.”

ओंकार बोटं मोजत बसला. “पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एकच अणू ना? मग सहा रेणूंत सहा. आणि बाहेर पडतात बारा! बाकीचे सहा कुठून आणले?”

ताई उठून बसली. “अरे, पाण्याचे बारा रेणू फुटतात. त्यांचा ऑक्सिजन हवेत जातो. हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडकडे जातो, त्यातून साखर होते आणि सहा रेणू पाणी नव्यानं तयार होतं.”

“म्हणजे बारा लागले, सहा परत मिळाले. पुस्तकानं वजाबाकी करून ठेवलीय!”

३. हिशेब तपासा. गोष्टीतले आकडे या समीकरणाशी जुळायला हवेत:

`6CO₂ + 12H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂ + 6H₂O`

डावीकडे हायड्रोजन 24. उजवीकडे साखरेत 12, पाण्यात 12. अणू जुळले नाहीत तर संवाद कितीही खुसखुशीत असो, बदला. पाण्याची बाजू प्रयोगानंही पक्की झाली आहे: 1941 मध्ये रुबेन, कामेन आणि सहकाऱ्यांनी शेवाळाला जड ऑक्सिजन (¹⁸O) असलेलं पाणी दिलं, तेव्हा तोच बाहेरच्या वायूत सापडला.

४. गैरसमजाची फट बुजवा. आपली गोष्ट रात्री घडते, म्हणून झाड रात्रीही साखर करतं असं वाटू शकतं. ओंकारला आणखी एक प्रश्न द्या: “आत्ता खिडकीबाहेरचं झाड काय करतंय?” ताईचं उत्तर: “श्वसन. साखर करायला लागणारे ATP आणि NADPH उजेडातच बनतात, रात्रभर पुरेल एवढा साठा नसतो.” साखर बनण्याच्या टप्प्याला ‘अंधारातली अभिक्रिया’ म्हणण्याची जुनी सवय इथे फसवते.

५. वापरा. दुसऱ्या दिवशी वही मिटून फक्त ओंकारचे प्रश्न आठवा आणि ताईची उत्तरं स्वतः द्या. ‘बाकीचे सहा कुठून?’ इथे गाडी अडली, तर सगळी गोष्ट परत वाचू नका. समीकरण लिहून पाण्याच्या ऑक्सिजनभोवती गोल करा आणि ताईचं तेवढं एक उत्तर आपल्या शब्दांत नव्यानं लिहा.