शिफारसपत्र मागताना सरांना काय लिहाल?

बडोद्यात एम.एस्सी. करणाऱ्या माझ्या भाचीने सरांना एवढंच लिहिलं होतं, "सर, परदेशी अर्जांसाठी शिफारसपत्र हवं आहे." यावर सर काय लिहिणार? मग तिने दुसरा मेल केला. कोणत्या सत्रात त्यांच्याकडे कोणता विषय शिकली, प्रबंधातला कुठला प्रयोग फसला, तो तिने कसा सावरला, हे चार ओळींत. खाली तीन विद्यापीठं, त्यांच्या शेवटच्या तारखा, सोबत बायोडेटा. हे निदान महिनाभर आधी करावं. आणि होकार येण्याआधी अर्जात सरांचं नाव भरू नका. बऱ्याच पोर्टलवरून पत्र अपलोड करायची लिंक लगेच त्यांना जाते, आणि न विचारता आलेली लिंक खटकतेच. अर्जात सरांचा पत्ता शक्यतो विद्यापीठाच्या मेलचा द्या. जीमेलचा काही ठिकाणी चालत नाही.