प्रोफाइल फोटोला मागं धूसर ऑफिस पायजे? आधी फरश्या मोजा

मागच्या खेपेला मामेभावाचा रेझ्युमेचा फोटो मी काढला, बेळगावात उद्यमबागेतल्या त्याच्या ऑफिसात, आणि पार वाट लावली, म्हणून ही यादी.

कॅमेरा चार्ज, कार्ड रिकामं, शर्टाला इस्त्री, हे काय सांगायला नको. लेन्स ५० एमएमची साधी f/1.8 वाली पुरते. बसणारा कॅमेऱ्यापासून पाच फुटांवर.

आता मुद्द्याचं. बसणाऱ्याच्या पाठीमागं जागा सोडा. मी त्याला फाइलींच्या कपाटाला जवळजवळ टेकवून बसवलं, मागं जेमतेम दीड फूट, आणि म्हटलं लेन्स करंल की ब्लर. कुठलं काय, कपाटाची मूठ दिसतीय, कॅलेंडरवरचे कानडी आकडेसुद्धा वाचता येतायत. लेन्स तीच, f चा आकडा तोच, पण मागं दीड फुटाच्या जागी दहा फूट मोकळे ठेवले तर धूसरपणा जवळजवळ तिप्पट होतो. टेप नसेल तर फरश्या मोजा, दोन फुटी फरशी असेल तर खुर्चीमागं पाच. केबिन लहान असेल तर खुर्ची दाराच्या तोंडाशी आणा आणि मागं पूर्ण हॉल येऊ द्या, पण अंतर सोडा रे बाबा.

अंतर नाही म्हणून f/1.8 वर जाऊ नका. मी गेलो. पाच फुटांवर तिथं जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोली शार्प राहते, डोळे आले आणि कान गेले. f/2.8 ला दहाएक सेंटिमीटर मिळतात, चेहरा निभतो. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर. आणि घरी येऊन मोबाइलवर ब्लर मारू म्हणाल तर केसांच्या कडेला पांढरट वलय येतं नाहीतर कानामागचे केसच गायब, तेही करून झालंय माझं.

मागं काय आहे ते कॅमेऱ्यातूनच बघा, ब्लर झाल्यावर उजेडाचा प्रत्येक ठिपका फुगतो. डोक्यामागं पेटलेली ट्यूब असेल तर गोळाच उगवतो, ती बंद करा नाहीतर खुर्ची सरकवा. खिडकी, एखादं झाड, टेबलांची रांग, एवढं चांगलं दिसतं. लाल-पिवळं कॅलेंडर मात्र उतरवा, धूसर झालं तरी रंग ओरडतोच.

चेहऱ्यावर खिडकीचा उजेड बाजूनं. ट्यूब लावावी लागलीच तर शटर १/१०० किंवा १/५०, नाहीतर फोटोत पट्टे येतात, आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा रविवार, ऑफिस रिकामं, खुर्ची दारात, मागं पाच फरश्या मोजूनच बसवला. तिसऱ्याच फोटोत काम झालं.

मग चौकोनी क्रॉप, मोबाइलवर बारीक करून बघायचं, पाठवून द्यायचं. आणि खुर्ची परत जागेवर ठेवा, सोमवारी बोलणी मला बसली.