कोलॅजेन आणि ग्रीन्स पावडर: डबा वाचताना या चुका टाळा

ठाण्यात माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येणारे लोक हल्ली पावडरचा डबा सोबतच आणतात. पुढच्या बाजूचे दावे त्यांना पाठ असतात, मागचं कोष्टक मात्र वाचलेलं नसतं. सगळ्यात जास्त घोळ सर्व्हिंग साइजचा होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

एक स्कूप म्हणजे एक सर्व्हिंग, असं धरून चालणं

नौपाड्यातल्या एका काकूंचा कोलॅजेनचा डबा घ्या. वजन 250 ग्रॅम, किंमत 1,500 रुपये, पुढे ठळक अक्षरांत ‘10 ग्रॅम कोलॅजेन’. “अहो, मी डब्यातल्याच चमच्याने घेते, रोज सपाट एक,” काकू म्हणाल्या. मागे छापलं होतं: सर्व्हिंग साइज 14 ग्रॅम, म्हणजे दोन स्कूप. काकूंच्या पोटात रोज 5 ग्रॅमच कोलॅजेन जात होतं.

5 ग्रॅम फुकट जातं असं नाही. त्वचेवरच्या बऱ्याच अभ्यासांत रोज अडीच ते 10 ग्रॅम दिलेलं आहे. बदलतं ते पैशांचं गणित. काकूंना वाटत होतं डबा महिनाभर पुरतो. छापल्याप्रमाणे घेतला तर तो 18 दिवसांतच संपेल आणि रोजचे सुमारे 84 रुपये पडतील. म्हणून दोन डब्यांची तुलना करताना डब्याची किंमत बघू नका, 10 ग्रॅम कोलॅजेनला किती रुपये पडतात ते काढा. स्कूप शिगोशीग भरला तर हिशोब पुन्हा चुकतो, तेव्हा घरी वजनकाटा असेल तर एकदा तोलून बघा.

पुढचा आकडा खरा आहे का, याचा ताळा कोष्टकातच मिळतो. कोलॅजेन हे प्रोटीनच असतं, आणि 10 ग्रॅम कोलॅजेन पेप्टाइडमधून साधारण 9 ग्रॅम प्रोटीन मिळायला हवं. काकूंच्या डब्यावर 100 ग्रॅमला 66 ग्रॅम प्रोटीन होतं, म्हणजे 14 ग्रॅमला 9.2. जुळलं. तिथे 4-5 ग्रॅमच दिसलं असतं, तर पुढच्या दाव्यात पाणी आहे असं समजा. मात्र कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे डाळ, दूध, अंडी यांच्या जागी हे प्रोटीन धरू नका.

‘नो अ‍ॅडेड शुगर’ वाचून निश्चिंत होणं

त्याच डब्यावर साखर शून्य होती, पण कार्बोहायड्रेट 100 ग्रॅमला 22 ग्रॅम. हे आलं कुठून? घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, आणि तिथे दुसऱ्याच क्रमांकावर माल्टोडेक्स्ट्रिन होतं. कोष्टकात ते साखरेत मोजत नाहीत, रक्तातली साखर मात्र ते झपाट्याने वाढवतं. काकूंच्या एका सर्व्हिंगमध्ये ते साधारण 3 ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखरेहून कमी, घाबरण्यासारखं नाही. पण मधुमेह असेल आणि दिवसातून दोनदा घेत असाल, तर ते हिशोबात धरा.

साखरेऐवजी दुसरी गोडी असेल तर यादीत तिचा आयएनएस क्रमांक दिसतो: 955 म्हणजे सुक्रॅलोज, 950 म्हणजे एसेसल्फेम पोटॅशियम, 960 म्हणजे स्टीव्हियाची गोडी. 420 किंवा 965 दिसलं तर ते सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल. पावडर सुरू केल्यापासून पोट फुगत असेल, जुलाब होत असतील, तर आधी हे दोन आकडे शोधा.

‘एक स्कूप म्हणजे पाच वाट्या भाज्या’ यावर विश्वास ठेवणं

ग्रीन्स पावडरचा हा दावा साध्या गुणाकारावर टिकत नाही. पालकात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. 100 ग्रॅम पालक पूर्ण वाळवला तर हाती जेमतेम 8 ग्रॅम पूड येते. आता स्कूप आहे 8 ग्रॅमचा. तो सगळाच्या सगळा पालक असता, तरी 100 ग्रॅम ताज्या भाजीइतकाच. प्रत्यक्षात त्यात इन्युलिन, चव, गोडी आणि बारीक प्रमाणात डझनभर वनस्पती असतात, ज्यांचं वेगवेगळं वजन ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ या नावाखाली दिलेलंच नसतं. जागतिक आरोग्य संघटना फळं आणि भाज्या मिळून दिवसाला किमान 400 ग्रॅम खायला सांगते.

आणि एक इशारा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा असिनोकुमरॉल सुरू असेल, तर पालेभाज्यांच्या पावडरीतलं व्हिटॅमिन के औषधाचा परिणाम कमी करू शकतं. डॉक्टरांना डबा दाखवल्याशिवाय ती सुरू करू नका.

खूण आणि परवाना न बघणं

शाकाहारी असाल तर हिरवा गोल की तपकिरी त्रिकोण, हे बघाच. बाजारातलं कोलॅजेन मासे, गाय-म्हैस, डुक्कर, कोंबडी अशा प्राण्यांपासून येतं. हिरव्या खुणेचा डबा बहुधा ‘कोलॅजेन बिल्डर’ असतो, त्यात व्हिटॅमिन सी वगैरे घटक असतात, कोलॅजेन नसतं.

एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक FoSCoS पोर्टलवर तपासता येतो. तो खरा निघाला म्हणजे कंपनीकडे परवाना आहे एवढंच कळतं. डब्यावरचा प्रत्येक दावा कुणी तपासून मान्य केलाय, असा त्याचा अर्थ नाही. ‘गुडघेदुखी बरी होते’, ‘मधुमेह जातो’ असं आजार बरा करण्याचं वचन अशा पावडरीवर देता येत नाही. तसं छापलेलं दिसलं तर डब्याचे पुढून-मागून फोटो काढा आणि ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर तक्रार करा. बॅच नंबर फोटोत यायला हवा.