दोन घंटा पुन्हा एकत्र केव्हा वाजतील? लसावि वापरताना या चुका टाळा

एक घंटा दर २४ मिनिटांनी आणि दुसरी दर ३६ मिनिटांनी वाजते. सकाळी ९ वाजता दोन्ही एकत्र वाजल्या, तर त्यानंतर पुन्हा एकत्र केव्हा वाजतील?

काही विद्यार्थी येथे मसावि काढतात आणि ९ वाजून १२ मिनिटे असे उत्तर देतात. त्या वेळेपर्यंत दोन्हींपैकी एकही घंटा दुसऱ्यांदा वाजलेली नसते. उत्तर मोठ्या अंतरापेक्षा, म्हणजे येथे ३६ मिनिटांपेक्षा, कमी आले की मसावि काढला गेला आहे हे लगेच ओळखावे.

याहून फसवी चूक गुणाकाराची आहे. २४ × ३६ = ८६४ मिनिटे, म्हणजे रात्रीचे ११ वाजून २४ मिनिटे. त्या क्षणी दोन्ही घंटा खरोखरच एकत्र वाजतात, त्यामुळे ८६४ ला दोन्ही संख्यांनी भागून पडताळा घेतला तरी चूक सापडत नाही. मात्र ९ नंतरची ती बारावी वेळ असते, पहिली नव्हे. २४ = २ × २ × २ × ३ आणि ३६ = २ × २ × ३ × ३ असे अवयव पाडल्यास २ × २ × ३ = १२ हा भाग दोन्हींत असल्याचे दिसते, आणि गुणाकारात तो दोनदा धरला जातो. ८६४ ला १२ ने भागले की ७२ हा लसावि मिळतो. ८ आणि १५ यांसारख्या सहमूळ संख्यांसाठी गुणाकार हाच लसावि असतो, आणि माझ्या मते ही सवय तेथूनच लागते.

७२ हे दोन एकत्र वाजण्यांमधील अंतर आहे, घड्याळातील वेळ नव्हे. ७२ मिनिटे म्हणजे १ तास १२ मिनिटे. म्हणून उत्तर १० वाजून १२ मिनिटे. ‘९ ते १२ या वेळेत किती वेळा एकत्र वाजतील?’ असे विचारल्यास १८० ला ७२ ने भागून भागाकार २ येतो, परंतु ९ वाजताची वेळ धरायची असल्यास उत्तर ३ होते.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती अट म्हणजे दोन्ही घंटांची सुरुवात एकत्र झालेली असणे. पहिली घंटा ९ वाजता आणि दुसरी ९ वाजून १२ मिनिटांनी सुरू झाली, तर ९ मध्ये ७२ मिनिटे मिळवून काढलेले उत्तर चुकते, कारण त्या दोन्ही ९ वाजून ४८ मिनिटांनीच प्रथम एकत्र वाजतात आणि त्यानंतर मात्र दर ७२ मिनिटांनी एकत्र येत राहतात. दुसरी ९ वाजून १० मिनिटांनी सुरू झाली, तर त्या कधीच एकत्र वाजणार नाहीत, कारण सुरुवातींमधील १० मिनिटांच्या फरकाला मसावि १२ ने भाग जात नाही. अशा वेळी आधी हा भाग जातो का ते पाहावे, आणि जात असेल तरच दोन्ही घंटांच्या वेळा ओळीने लिहून पहिली समान वेळ शोधावी.