टॉर्ट्सच्या पेपरमधला ऑक्युपायर्स लायबिलिटीचा प्रॉब्लेम कसा सोडवायचा: ठाण्यातल्या ज्युनियर्ससाठी

ठाण्यात एलएलबी करताना टॉर्ट्सचे प्रॉब्लेम आम्ही आपल्या आजूबाजूच्या जागा घेऊनच सोडवायचो, त्याचा खूप फायदा झाला, म्हणून तसाच एक इथे पूर्ण सोडवतो.

समजा नौपाड्यात एक जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये. डेव्हलपरने ताबा घेऊन चारी बाजूंनी पत्रे ठोकलेत, गेटवर 'प्रवेश बंद'चा बोर्ड लावलाय. पण मागच्या गल्लीत एक पत्रा वाकलाय आणि पोरं बॉल गेला की तिथूनच आत शिरतात, वॉचमन रोज ओरडून त्यांना हाकलतो. आत लिफ्टच्या खड्ड्यावर नुसतं प्लायवूड टाकून ठेवलंय. आठ वर्षांचा एक मुलगा बॉल आणायला जातो, प्लायवूडवर पाय ठेवतो, ते मोडतं, मुलाचा पाय फ्रॅक्चर होतो आणि हातातलं घड्याळही फुटतं. त्याच दिवशी एक कुरियरवाला साइट ऑफिसात पार्सल देतो आणि कोणाला न विचारता वर काम कसं चाललंय बघायला तिसऱ्या मजल्यावर जातो, तिथून पडतो.

पहिला प्रश्न ऑक्युपायर कोण. बरेच जण लगेच 'जागेची मालक सोसायटी' असं लिहून मोकळे होतात, पण व्हीट विरुद्ध लेकन या १९६६ च्या केसपासून बघायचं ते कंट्रोल कोणाच्या हातात आहे, आणि एका जागेचे दोन ऑक्युपायरही असू शकतात. इथे किल्ल्या, वॉचमन, पत्रे सगळं डेव्हलपरचं, म्हणून मुख्य डिफेंडंट तोच.

मग कोण कुठल्या नात्याने आत आला ते. इंग्लंडमध्ये परवानगीने आलेल्यासाठी १९५७ चा कायदा आणि ट्रेसपासरसाठी १९८४ चा. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, कॉमन लॉवरच चालतं, इंग्लिश केसेस मार्गदर्शक म्हणून वापरतात, तेव्हा उत्तरात ते इंग्लिश कायदे भारतात लागू आहेत असं चुकूनही लिहू नका. आपल्याकडची केस हवी असेल तर चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य, १९६४: संडासाभोवती उघडी करंट असलेली तार लावली होती आणि एक बाई मेली, ती ट्रेसपासर होती म्हणून काहीही करायला मोकळीक मिळत नाही असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. ती क्रिमिनल केस होती हे मात्र लिहा.

कुरियरवाला ऑफिसपर्यंत व्हिजिटर, कारण त्याला पार्सल द्यायचंच होतं. पण ज्या कामासाठी आणि ज्या भागापुरती परवानगी दिली तिथून पुढे गेला की तो ट्रेसपासर होतो. तो वर असेल असं मानायला डेव्हलपरकडे काही कारण नव्हतं, त्यामुळे त्याची केस लंगडी.

मुलाची केस खरी. आधी तो व्हिजिटर होता का हे तपासा. वॉचमन पोरांना बॉल परत काढून देत असता, गप्प बसून चालवून घेत असता, तर मूक परवानगीचा मुद्दा मांडता आला असता, पण तो रोज हाकलतो, म्हणून मुलगा ट्रेसपासर. इथे १९७२ ची हेरिंग्टन केस बसते. रेल्वेच्या तुटक्या कुंपणातून सहा वर्षांचा मुलगा करंट असलेल्या रुळांवर गेला होता, मुलं शिरतात हे रेल्वेला कळलं होतं आणि रेल्वे जबाबदार ठरली. पुढे १९८४ च्या कायद्यात तीन गोष्टी बघायच्या असं आलं. धोका माहीत होता का? खड्डा डेव्हलपरनेच खणलाय, तेव्हा होता. कोणी येईल असं मानायला आधार होता का? वॉचमनला जे माहीत ते डेव्हलपरला माहीत. आणि या धोक्यापासून संरक्षण देणं वाजवी होतं का? एक पत्रा परत ठोकायचा आणि खड्ड्यावर मजबूत झाकण टाकायचं एवढंच तर होतं. म्हणजे जबाबदारी आहे.

बोर्डाचा बचाव टिकत नाही, कारण बोर्ड गेटवर, मुलगा मागून शिरला, आणि प्लायवूडखाली खड्डा आहे हे बोर्डावर कुठेच नाही. 'आईबापांनी लक्ष द्यायला हवं होतं' हे फिप्स या १९५५ च्या केसमधून येईल, पण तिथला मुलगा पाच वर्षांचा आणि सोबत फक्त सात वर्षांची बहीण, इथे आठ वर्षांचं पोर घरामागे खेळतंय, ते रोजचंच आहे. घड्याळाचे पैसे मात्र १९८४ च्या कायद्याखाली मिळत नाहीत, तो फक्त शरीराच्या इजेपुरता आहे.

आता परीक्षकाचा आवडता फिरवलेला प्रश्न: तोच मुलगा खड्ड्यात न पडता धडधाकट बांबूच्या परांचीवर चढून पडला तर? कीऊन विरुद्ध कोव्हेंट्री, २००६, अकरा वर्षांचा मुलगा फायर एस्केपच्या बाहेरच्या बाजूने चढला होता, जागेत काही बिघाड नव्हता, धोका त्याच्या चढण्यातून आला, तो हरला. परांचीत दोष नसेल तर आपलंही उत्तर तिकडे झुकेल, पण तिथे वय लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण वय कमी असेल तर कधीकधी साधी जागाही मुलासाठी धोक्याची ठरू शकते हे त्याच निकालात मान्य केलंय, आणि आठ म्हणजे अकरा नव्हे.