एका मसाल्याचे चार होताना: छपाईला टाकण्याआधीची तयारी

समजा, तुमचा कांदा-लसूण मसाला कोल्हापूर-सांगलीकडच्या दुकानांत नाव घेऊन मागितला जातो. आता त्याच नावाखाली गोडा मसाला, लसूण चटणी आणि उपवासाची भाजणी आणायची आहे. डिझायनरला फोन करण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि लिहा: या चार वस्तूंपैकी कुठली अदलाबदल गिऱ्हाइकाला सगळ्यात महागात पडेल? कांदा-लसूण मसाल्याऐवजी लसूण चटणी घरी गेली तर थोडी चिडचिड होईल, दुकानदार बदलून देईल. पण नैवेद्याच्या आमटीत गोड्या मसाल्याऐवजी कांदा-लसूण मसाला पडला, किंवा एकादशीच्या थालिपिठाला लसणाचा वास आला, तर त्या घरात तुमचं पाकीट पुन्हा येणार नाही. जुना मसालासुद्धा नाही. नावाचे आणि पाकिटाचे पुढचे सगळे निर्णय या कागदाकडे बघून घ्यायचे आहेत. चार पाकिटं एका ओळीत छान दिसतात का, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे मोठ्यांनाही चुकलेलं आहे. २०११ च्या अखेरीस कोका-कोलाने अमेरिकेत ध्रुवीय अस्वलांसाठी मोहीम काढली आणि नेहमीच्या कोकचे डबे लाल सोडून पांढरे केले. डाएट कोकचा डबा चंदेरी असतो. लोकांना दोन्ही सारखे वाटले, आणि साखर टाळणाऱ्यांच्या हातात साखरेचा कोक जाऊ लागला. तक्रारी इतक्या झाल्या की काही आठवड्यांत कंपनी पुन्हा लाल डब्यावर आली. डब्यावर नाव ठळक होतंच, पण गिऱ्हाईक नाव वाचत नव्हतं, रंग उचलत होतं.

म्हणून दुसरं काम, जुन्या पाकिटाची वाटणी. त्यातलं काय त्या एका वस्तूचं आहे आणि काय सगळ्या घराण्याचं, हे वेगळं काढा. त्यासाठी पाचसहा दुकानदारांना विचारा की लोक तुमचा मसाला काय म्हणून मागतात. उत्तर ‘तो लाल पुडा’ असं आलं, तर लाल रंग तुमच्या नावाचा राहिलेला नाही, तो कांदा-लसूण मसाल्याचा झाला आहे. तो तिथेच ठेवा. ‘आपली ओळख लाल आहे’ म्हणून गोड्या मसाल्यालाही लाल पाकीट देणं ही या धंद्यातली सगळ्यात नेहमीची चूक, आणि आपल्या कागदावरची सगळ्यात महाग अदलाबदल नेमकी तिथूनच सुरू होते. घराण्याच्या वाट्याला दुसऱ्या गोष्टी येतात: नावाची अक्षरं आणि त्यांची ठरलेली जागा, पाकिटाच्या कडेचा पिवळा काठ असेल तर तो, आणि मजकुराची मांडणी. यातल्या दोन-तीन गोष्टी प्रत्येक पाकिटावर जागच्या जागी राहिल्या की नवं पाकीट परकं वाटत नाही. बाकी सगळं मोकळ्या मनाने बदला.

नावांकडे आता या. पहिल्या विस्ताराला मला साधी रीत पटते: मूळ नाव, आणि त्याच्यापुढे वस्तू ज्या नावाने घरात ओळखली जाते ते नाव. गोड्या मसाल्याला गोडा मसालाच म्हणावं. खास उपनाव तेव्हाच द्यावं, जेव्हा एकाच वस्तूच्या दोन प्रती असतील आणि त्यांतला फरक एका शब्दात सांगता येत असेल. अमूलच्या दुधाचं बघा. गोल्डमध्ये सहा टक्के स्निग्धांश, शक्तीमध्ये साडेचार, ताजामध्ये तीन. टक्केवारी कोणी पाठ करत नाही, पण गोल्ड, शक्ती, ताजा हे शब्द कानाला इतके वेगळे आहेत की फोनवरून सांगितलं तरी गडबड होत नाही. याउलट कोक झीरो २००५ मध्ये आला, पण शून्य नेमकं कशाचं हे नाव सांगत नव्हतं. पुढे कंपनीने नावातच ‘शुगर’ घातलं आणि २०१७ मध्ये अमेरिकेत तो कोक झीरो शुगर झाला. उपनाव ठरवताना नुसतं ते वाचून अनोळखी माणसाला फरक सांगता येतो का, हे बघा. ‘स्पेशल’, ‘रॉयल’, ‘प्रीमियम’ या शब्दांनी तो कधीच सांगता येत नाही.

कागदावर पसंत पडलेली नावं मग मोठ्याने म्हणून बघायची. आपल्याकडे निम्मी मागणी तोंडी असते: काउंटरवरून, फोनवर, शेजारच्या मुलाला पाठवून. आपल्या चारांत इथे एक अडचण लगेच दिसते. कांदा-लसूण मसाला आणि लसूण चटणी, दोन्हींत लसूण आहे, आणि ‘त्यांचा लसूणवाला द्या’ म्हटलं की दुकानदार मनाला येईल ते देणार. चटणीच्या नावात लसूण मागे टाकून ‘झणका चटणी’सारखा वेगळा शब्द पुढे आणला, आणि खाली ‘लसूण-खोबऱ्याची कोरडी चटणी’ असं स्पष्ट लिहिलं, तर प्रश्न मिटतो. पण ती खालची ओळ सोडता येत नाही. पदार्थ नेमका काय आहे हे सांगणारं नाव पाकिटाच्या दर्शनी बाजूला असणं अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, नुसतं कल्पक नाव चालत नाही.

दुकानाच्या बिलातलं नावही तुम्हीच ठरवून द्या. बिलाच्या पट्टीवर मोजकीच अक्षरं मावतात. प्रत्येक वस्तूची सुरुवात तुमच्या ब्रँडच्या लांबलचक नावाने झाली तर पुढचं कापलं जातं आणि चारही वस्तू संगणकावर एकसारख्या दिसतात. मग साठा चुकतो, मागणी चुकते, आणि गोडा मसाला संपला तरी कळत नाही. दरपत्रकातच वस्तूचं नाव आधी आणि ब्रँड नंतर लिहून पाठवा: ‘गोडा १०० ग्रॅम’, मग ब्रँड.

नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोध घ्या, आणि फक्त अक्षरं जुळवू नका, तिथली उच्चारावरून शोधायची सोयही वापरा. तुमचं मूळ नाव कुठल्या वर्गात नोंदलं आहे हेही तपासा. मसाले आणि चटण्या ३० व्या वर्गात येतात, पण लोणची २९ व्या वर्गात. पुढे लोणचं काढायचा विचार असेल तर त्या वर्गाचा अर्ज आत्ताच टाका. नाही तर तुमच्याच नावाचं लोणचं दुसरा कोणी बाजारात आणेल, आणि त्याला थांबवायला कोर्टात बराच खटाटोप करावा लागेल.

उपवासाच्या भाजणीबद्दल माझं मत जरा कडक आहे. ती या घराण्यात आणू नये, निदान पहिल्या वर्षी. तुमच्या नावाने लोकांच्या नाकाशी लसणाचा वास येतो, ती तुमची कमाई आहे, आणि नेमकी तीच इथे आड येते. शिवाय ‘उपवास’ हा शब्द पाकिटावर छापला की तो कारखान्यालाही लागू होतो. ज्या डंकावर मिरची-लसूण कुटला, तो कितीही धुतला तरी साबुदाणा, वरी आणि राजगिऱ्याच्या पिठात वास उतरतो. वेगळी चक्की, वेगळी जागा, वेगळं पॅकिंग उभं राहत असेल तरच ती वस्तू काढा, आणि तेव्हाही तिला स्वतंत्र नाव द्या. तुमचं नाव मागच्या बाजूला उत्पादक म्हणून येईलच, तेवढं पुरे.

राहिल्या तीन वस्तू. त्यांच्या पाकिटाचा सामाईक आराखडा एकाच कागदावर काढा: वर ब्रँडचं नाव, मध्ये वस्तूचं नाव, खाली रंगाचा रुंद पट्टा, वजन नेहमी त्याच कोपऱ्यात. जुन्या पाकिटावर ब्रँड मोठा आणि वस्तू छोटी असेल, कारण तेव्हा वस्तू एकच होती. आता वस्तूचं नाव निदान ब्रँडइतकं तरी मोठं हवं. पट्ट्याचा रंग वस्तूला आधीच चिकटलेल्या रंगातून घ्या: गोड्या मसाल्याला गडद तपकिरी, चटणीला पांढऱ्यावर केशरी. मात्र फरक नुसत्या रंगावर सोडू नका. काही जणांना लाल आणि हिरव्यातला भेद दिसत नाही, आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली तपकिरी आणि लाल बरेच जवळ येतात. म्हणून आकारही बदला. गोड्यावर दगडफुलाचं चित्र, चटणीवर खलबत्ता, असं काही, जे डोळे बारीक करूनही वेगळं दिसेल. गोड्यावर ‘कांदा-लसूण नाही’ हे दर्शनी बाजूला, वाचता येईल एवढ्या अक्षरांत यायलाच हवं.

इथे छपाईवाल्याला बैठकीत बसवा, डिझाइन पुरं झाल्यावर बोलावू नका. लॅमिनेटेड पाऊचची छपाई ग्रॅव्ह्युअरवर होते तेव्हा प्रत्येक रंगाला स्वतंत्र सिलेंडर कोरावा लागतो, आणि नव्या वस्तूचा मोठा खर्च तोच असतो. तिन्ही पाऊच एकाच मापाचे ठेवले आणि पट्टा वेगळ्या सिलेंडरवर घेतला, तर तोच सिलेंडर दुसऱ्या शाईने चालवता येतो. ब्रँडचं नाव आणि काठ यांचे सिलेंडरही सगळ्यांना चालतात. नवा कोरायचा तो फक्त वस्तूचं नाव, मजकूर आणि चित्राचा. पण चित्र चार रंगांतला फोटो असेल तर हा फायदा जवळजवळ संपतो, म्हणून एकरंगी रेखाचित्र बरं. पहिला माल थोडाच असेल तर सिलेंडरच्या फंदात न पडता कोऱ्या पाऊचवर डिजिटल छपाईचं लेबल लावा. नाव बदलायची वेळ आली तर नुकसान कमी होतं. बारकोड प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक वजनाला वेगळा लागतो, आणि तो पांढऱ्यावर काळाच छापा. लाल रेघांचा बारकोड स्कॅनरच्या लाल प्रकाशात दिसतच नाही.

छपाईचा होकार देण्याआधी रंगीत प्रिंट जुन्या पाऊचवर चिकटवून नमुने करा आणि ओळखीच्या दुकानात, इतर कंपन्यांच्या मसाल्यांमध्ये मांडा. तुमची जुनी पाकिटंही शेजारी असू द्या. येणाऱ्या बाईंना फक्त एवढंच म्हणा, ‘जरा तो गोडा मसाला काढून द्याल का?’ बाकी काही समजावू नका. हात आधी कुठे गेला, थबकला का, उचलून पुन्हा ठेवला का, ते बघा. वीसजणींमध्ये दोघींचा हात कांदा-लसूण मसाल्याकडे गेला तरी छपाई थांबवा. पाकीट आवडलं का, असं विचारून काही हाती लागत नाही, ‘छान आहे’ हेच उत्तर मिळतं. हीच चाचणी मोबाइलवर घ्या, कारण घरपोच सामान देणाऱ्या ॲपवर तुमचं पाकीट अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं आणि तिथे खालची ओळ वाचता येत नाही.

खाद्य परवान्यात नव्या पदार्थाचा प्रकार नोंदलेला आहे ना, हे याच सुमारास बघून घ्या. मसाल्याच्या परवान्यात पिठाचा पदार्थ आपोआप येत नाही.

दोन्ही नव्या वस्तू एकाच दिवशी बाजारात सोडू नका. आधी गोडा मसाला, तोही जिथे तुमचा जुना मसाला जोरात जातो अशा दुकानांत, आणि चटणी दोन-तीन महिन्यांनी. विक्रेत्याच्या वहीत परत आलेल्या मालासाठी एक वेगळा रकाना ठेवा: ‘चुकून नेलं’. परतीची इतर कारणं त्यात मिसळू देऊ नका. जुन्या मसाल्याची विक्रीही दुकानागणिक लिहीत राहा. नवा गोडा खपतोय पण त्याच दुकानात जुना तेवढाच घटतोय, तर नवं गिऱ्हाईक आलेलं नाही, जुनंच गोंधळलं आहे किंवा सरकलं आहे. रकाना भरू लागला तर आधी रंग आणि चित्र बदला, त्यानंतर उपनाव. मूळ नावाच्या अक्षरांना हात लावू नका. जुनी घरं दुकानात तीच अक्षरं शोधत येतात.